मराठी हॅशटॅग का लागत नाही: #गोधडीची, #गोधडीला आणि हरवलेली #गोधडी

माझी मावसबहीण कऱ्हाडला गोधड्या शिवते. आधी शेजारपाजारच्यांसाठी शिवायची, मग बाळंतविड्यासाठी ऑर्डरी यायला लागल्या आणि दोन वर्षांपूर्वी तिने इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. दर दीड-दोन महिन्यांनी तिचा मला ठरलेला मेसेज येतो, "दादा, टॅग लावते रे सगळे, पण बघतात ते आपलेच लोक. नवीन कोणी येतच नाही." मीही दर वेळी ठरलेलं उत्तर द्यायचो, टॅग जरा बदलून बघ. ती बदलायची, चार दिवस बरं वाटायचं आणि परत मेसेज. शेवटी एका रविवारी तिच्या पोस्टचा मजकूर जसाच्या तसा मागवून घेतला आणि त्यातल्या एकेका टॅगवर बोट ठेवून बघत गेलो. हे खरं तर पहिल्याच मेसेजला करायला हवं होतं.

मजकूर असा होता:

```
आजीच्या नऊवारीतून शिवलेल्या #गोधडीची ऊब, #कऱ्हाडची
कला आता थेट तुमच्या घरी! #गोधडी😍
.
.
.
#जुन्या साडीची गोधडी #हँड-मेड #handmade #love
#instagood #viral #trending #explorepage #quilt #kantha
```

याखाली आणखी पंधरा-सोळा टॅग होते. ते इथे देत नाही, सगळे #viral च्याच खानदानातले.

तुमचीही हीच तक्रार असेल तर दुसरं काही करण्याआधी तुमच्या शेवटच्या पोस्टमधल्या प्रत्येक टॅगवर बोट दाबा. तीन गोष्टी बघायच्या. निळी अक्षरं नेमकी कुठे संपतात, जे पान उघडतं त्याच्या वर कोणता शब्द लिहिलेला आहे, आणि त्या पानावर तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाच्या पोस्ट आहेत का. खातं खासगी ठेवलेलं असेल तर मात्र हा सगळा खटाटोप फुकट, कारण खासगी खात्याच्या पोस्ट टॅगच्या पानावर दिसतच नाहीत. बहिणीचं खातं सार्वजनिक होतं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

विभक्ती टॅग खाऊन टाकते

पहिला टॅग #गोधडीची. दाबल्यावर पान उघडलं, पण ते ‘गोधडीची’ या शब्दाचं. तिथे तिच्याच चार पोस्ट आणि इतर कुणाची एखाद-दुसरी. यंत्राच्या लेखी ‘गोधडी’ आणि ‘गोधडीची’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. # पासून पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत किंवा विरामचिन्हापर्यंत जे येईल ते सगळं मिळून एक नाव होतं, आणि त्या नावाच्या कप्प्यात पोस्ट जाऊन पडते. तिने गेल्या वर्षभरात #गोधडीची, #गोधडीला, #गोधडीत, #गोधड्या आणि #गोधड्यांची असे पाच कप्पे उघडले होते आणि प्रत्येकात आपला थोडाथोडा माल ठेवला होता. गिऱ्हाईक शोधतं ते ‘गोधडी’. त्या कप्प्यात तिची पोस्ट क्वचितच होती.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही अडचण फारशी येत नाही. त्यांचे ‘ऑफ’, ‘इन’, ‘टू’ वेगळे लिहिले जातात, त्यामुळे वाक्याच्या मधल्या शब्दाला # लावला तरी शब्द तसाच राहतो. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, आणि वर सामान्यरूप शब्दच बदलून टाकतं. पुणे या शब्दाला ‘त’ लावला की पुण्यात होतं, फराळ असेल तर फराळाचं, दागिना असेल तर दागिन्यांचा. #पुण्यात लिहिलं की ‘पुणे’ हा शब्द त्यात कुठे उरलेलाच नसतो. म्हणून ‘टॅग वाक्यातच गुंफा, नैसर्गिक दिसतात’ हा इंग्रजीतून आलेला सल्ला मराठीत जपून वापरायचा. शब्द प्रथमेत असेल तरच तो चालतो. ‘ही #गोधडी पूर्ण हाताने शिवली आहे’ हे ठीक. ‘या #गोधडीला तीन आठवडे लागले’ हे गेलं.

काही जण मधला मार्ग काढतात आणि #गोधडी-ची असं लिहितात. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे, आडव्या रेघेशी टॅग संपतो आणि #गोधडी शाबूत राहतो. पण वाचताना खडा लागतो. माझं मत विचाराल तर मराठी मजकुरात वाक्यं वाक्यांसारखी लिहावीत, त्यात # नकोच. टॅग सगळे खाली, मूळ रूपात. एकच जिन्नस असेल तर एकवचन धरावं, कारण शोधणाराही बहुधा तेच टाकतो. बांगड्या, लाडू, चकल्या असं जे बोलण्यातच अनेकवचनात येतं तिथे दोन्ही टाकून बघावं आणि ज्या पानावर आपल्यासारखा माल जास्त दिसेल ते घ्यावं.

मोकळी जागा, रेघ आणि डोळ्यात बदाम

#जुन्या साडीची गोधडी. हा टॅग तिच्या दृष्टीने तीन शब्दांचा होता, इन्स्टाग्रामच्या दृष्टीने फक्त #जुन्या. ते पान उघडून बघितलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. जुन्या आठवणी, जुन्या गाड्या, जुन्या गाण्यांच्या ओळी, असं सगळं होतं, साडी सोडून.

#हँड-मेड चीही तीच गत. वर जी रेघ #गोधडी-ची मध्ये उपयोगी पडली तिनेच इथे घात केला. टॅग #हँड वर संपला. जोडशब्द हवा असेल तर तो सलग लिहायचा, नाहीतर मध्ये अंडरस्कोअर टाकायचा. मात्र #साडीची_गोधडी आणि #साडीचीगोधडी हे दोन वेगळे टॅग आहेत, तेव्हा आज हा आणि उद्या तो असं करू नका. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे लांब सलग टॅग वाचायला जड जातो. रोमनमध्ये #SareeQuilt असं लिहून शब्द वेगळे दाखवता येतात, आणि #sareequilt लिहिलं तरी पान तेच उघडतं. शिवाय अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोठ्या अक्षरांमुळे शब्द नीट तोडून वाचतं. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून तिथे दोन शब्दांपलीकडे जाऊ नये असं मी पाळतो.

#गोधडी😍 हा टॅग मला सगळ्यात जास्त चुटपुट लावून गेला, कारण एवढा एकच तर शब्द बरोबर होता. पण इन्स्टाग्रामवर इमोजी टॅगचा भाग होऊ शकतो. मध्ये जागा न सोडता चिकटवला की तो नावातच जातो, आणि #गोधडी😍 हा #गोधडी पेक्षा वेगळा टॅग ठरतो. एक्सवर इमोजीशी टॅग तुटतो, त्यामुळे तोच मजकूर तिथे टाकला तर नीट दिसतो आणि चूक कळत नाही. उपाय एवढाच, की टॅगच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची.

वर्ष लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता: #दिवाळी२०२५ आणि #दिवाळी2025 हे दोन टॅग आहेत. कोणते आकडे वापरायचे ते एकदा ठरवा. खरं तर वर्ष नसलेलाच बरा, तो टॅग पुढच्या दिवाळीला शिळा होतो.

दोन सारखे दिसणारे कऱ्हाड

आता जरा खोलात जातो, कारण ही चूक डोळ्यांना दिसत नाही आणि मराठीतच जास्त भेटते.

बहिणीने पोस्टमध्ये #कऱ्हाडची लिहिलं होतं. ‘ची’ काढून #कऱ्हाड केलं, तरी तिच्या फोनवरून आणि माझ्या लॅपटॉपवरून शोधल्यावर वेगवेगळं काही समोर यायला लागलं. अक्षरं तर तीच. पण यातला अर्धा र, म्हणजे ऱ्ह, ऱ्य यांतला तो चंद्रकोरीसारखा र, संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि पुढे पाय मोडायचा हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. कुठल्या कीबोर्डावर काय उमटेल ते कीबोर्ड ठरवतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण आतले आकडे वेगळे असल्यामुळे शब्दही वेगळे ठरू शकतात. दऱ्या, कोऱ्या, बिऱ्हाड, न्याहारीच्या भाकऱ्या, या सगळ्यांना हा धोका आहे. घाटवाटांवर फिरणाऱ्यांच्या #दऱ्याखोऱ्या मध्ये तर तो दोनदा येतो.

ज्यांच्याकडे संगणकात पायथॉन आहे त्यांना आतलं बघता येईल:

```
for c in "कऱ्हाड":
    print(hex(ord(c)))
```

अवतरणात तुमचा शब्द फोनवरून नक्कल करून चिकटवा. उत्तरात 0x931 आलं तर नुक्त्याचा ऱ आहे. 0x930 आणि थोडं पुढे 0x200d दिसलं तर अदृश्य जोडचिन्हवाला. पहिल्या प्रकारात ‘कऱ्हाड’ सहा आकड्यांत संपतो, दुसऱ्यात सात लागतात.

पायथॉन नसेल तर काही बिघडत नाही. एखाद्या दुसऱ्याच माणसाच्या फोनवरून, त्याच्या कीबोर्डाने, तुमचा टॅग शोधायला सांगा. तुमची पोस्ट किंवा तुमच्यासारख्या पोस्ट दिसल्या तर प्रश्न नाही. नाहीतर ज्या पानावर लोक खरोखर जमलेले आहेत तिथला टॅग बोट दाबून नक्कल करून घ्या आणि तोच वापरत राहा. हाताने टाइप करू नका.

अशीच आणखी दोन ठिकाणं सांगतो. ‘ॲप’ मधला ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण अ वर चंद्र देऊनही ‘अॅप’ लिहिता येतं. ‘हँडमेड’ मध्ये चंद्रबिंदू एकच चिन्ह आहे, पण काही जण चंद्र वेगळा आणि अनुस्वार वेगळा देऊन ‘हॅंडमेड’ लिहितात. पडद्यावर फरक जवळजवळ कळत नाही. असे शब्द टॅगसाठी टाळता आले तर उत्तम. बहिणीला मी म्हटलं, हँडमेड कशाला, ‘गोधडी’ म्हटल्यावर ती हाताचीच असते. नाहीतर तिला रजई म्हटलं असतं.

कुठे ठेवायचे

टॅग मजकुरात लिहावेत की पहिल्या कॉमेंटमध्ये, हा वाद जुना आहे. कॉमेंटमध्ये टाकले की पोस्ट स्वच्छ दिसते, म्हणून पुष्कळ जण तसं करतात. पण इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२१ मध्ये शोध कसा चालतो ते समजावून सांगताना स्पष्ट म्हटलं होतं, की पोस्ट शोधात सापडायला हवी असेल तर महत्त्वाचे शब्द आणि हॅशटॅग मजकुरात लिहा, कॉमेंटमध्ये नको. माझ्या दृष्टीने वाद तिथेच संपला. बहिणीच्या काही मैत्रिणी तिला मदत म्हणून स्वतःच्या कॉमेंटमध्ये #गोधडी लिहायच्या. त्यांचा हेतू चांगला, पण दुसऱ्याने कॉमेंटमध्ये लिहिलेल्या टॅगमुळे तुमची पोस्ट त्या पानावर जात नाही.

मजकुरात म्हणजे नेमकं कुठे? पहिल्या दोन ओळींत नाही. फीडमध्ये मजकूर सुरुवातीच्या एक-दोन ओळींनंतर कापला जातो आणि पुढचं ‘more’ दाबल्यावर दिसतं. ती जागा माणसासाठी आहे. तिथे काय विकताय, कशापासून केलंय, एवढं कळलं पाहिजे. टॅग शेवटी, एक ओळ मोकळी सोडून. ते तीन-चार टिंबांचे जिने आता गरजेचे नाहीत. पूर्वी पंचवीस-तीस टॅग लपवायला ते लागायचे. पाचच टॅग असतील तर लपवायचं काय त्यात?

आणि जे शब्द टॅगमध्ये आहेत ते मजकुरातही साध्या वाक्यात आले पाहिजेत, निदान एकदा मूळ रूपात. तिच्या जुन्या मजकुरात ‘ऊब’, ‘कला’, ‘थेट तुमच्या घरी’ असं सगळं होतं, पण गोधडी कुठल्या मापाची, आत काय, कुणासाठी, याचा पत्ता नव्हता. खात्याच्या नावाच्या जागीही तिने फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं. तिथे ‘गोधडी | Godhadi’ जोडायला लावलं. त्या रकान्यातले शब्दही शोधात धरले जातात. लोक बऱ्याचदा टॅग शोधतच नाहीत, नुसता शब्द टाकतात.

किती

बरीच वर्षं इन्स्टाग्राम एका पोस्टला ३० हॅशटॅग लावू द्यायचं, आणि ३० दिलेत म्हणजे ३० लावायचेच असा आपला हिशेब. थाळीत लिंबू-मीठ आहे म्हणून खाल्लंच पाहिजे तसा. वास्तविक तीन ते पाच पुरे असं इन्स्टाग्राम स्वतः २०२१ पासून सांगत होतं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी मर्यादाच पाचवर आणल्याचं जाहीर केलं. तुमच्या खात्यावर जास्त टॅग अजून चालत असले तरी पाचाच्या हिशेबानेच लिहायला लागा.

त्याआधी एक बदल झाला होता, तो अनेकांच्या लक्षात आला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये हॅशटॅग फॉलो करण्याची सोय इन्स्टाग्रामने काढून टाकली. तोवर #गोधडी फॉलो करणाऱ्या माणसाला अनोळखी माणसाची गोधडीही आपल्या फीडमध्ये आपोआप दिसू शकायची. आता तसं होत नाही. आता टॅग म्हणजे बरणीवरची चिठ्ठी. आत काय आहे ते यंत्राला आणि शोधणाऱ्याला कळावं, एवढंच तिचं काम. त्यामुळे टॅगने पोहोच दुप्पट-चौपट होईल ही आशाच सोडायला हवी, आणि हे मोसेरीही अनेकदा बोलून दाखवतात. बहिणीला हे पटायला वेळ लागला. ती म्हणाली, "मग लावायचेच कशाला?" लावायचे, कारण लोणच्याच्या बरणीवर ‘मुरांबा’ लिहिलेलं असलं तर तोटाच होतो. तिच्या बाबतीत नेमकं तेच चाललं होतं.

कोणते

तिच्या यादीतून #love, #instagood, #viral, #trending, #explorepage आधी काढले. यांच्यात वाईट असं काही नाही, पण त्यातून गोधडीबद्दल काहीच कळत नाही. त्या पानांवर जगभरातून सतत पोस्ट पडत असतात आणि तिथे गोधडी घ्यायला कुणी आलेलं नसतं.

#kantha वर मात्र तिने वाद घातला. "त्यात पण धावदोराच असतो की, आणि बघणारे कितीतरी जास्त." धावदोरा असतो हे खरं. पण कांथा बंगालची. ते पान उघडणाऱ्याला तिथली नक्षी, तिथल्या साड्या आणि दुपट्टे हवे असतात. तिथे जाड, तीन-चार थरांची, ठिगळांची गोधडी दिसली तर तो पुढे सरकणार. शिवाय यंत्राला आपणच सांगितल्यासारखं होतं, की ही पोस्ट कांथा आवडणाऱ्यांना दाखव. त्यांनी ती बघितली नाही की पोस्ट कुणाला आवडत नाही असा अर्थ लागायची भीती. #quilt मध्येही असंच. तिथे प्रामुख्याने परदेशातले, मशीनवर चौकोन जोडून रजया करणारे हौशी लोक. त्यांना गोधडीचं कौतुक वाटेल, पण ते स्वतःच शिवणारे. विकत घेणारे नव्हेत.

टॅग निवडताना मी दोन प्रश्न विचारतो. टॅगचं पान उघडून वरच्या दहा-बारा पोस्ट बघायच्या. माझा फोटो त्यांच्या मधोमध ठेवला तर तो घरचा वाटेल की पाहुणा? आणि हे पान माझं गिऱ्हाईक कुठल्या गरजेने उघडेल? पहिल्याचं उत्तर ‘घरचा’ आलं तरी दुसऱ्याला उत्तर नसेल तर टॅग सोडायचा. पान उघडल्यावर पोस्टच दिसत नसतील किंवा इशारा येत असेल तर तो टॅग इन्स्टाग्रामने दडपलेला असू शकतो, त्याच्या वाटेला जायचं नाही.

दुसऱ्या प्रश्नावर बोलता बोलताच आम्हाला खरा टॅग सापडला. मी विचारलं, "गेल्या पाच-सहा गोधड्या कुणी घेतल्या?" एक सोडून सगळ्या बाळासाठी. कुणाची नात, कुणाची भाची. म्हणजे ते लोक गोधडी शोधत नव्हते, बाळंतविडा जमवत होते. झबली, दुपटी, कुंची आणि त्यात एक गोधडी. मग #बाळंतविडा हा टॅग तिच्या एकाही पोस्टला कसा नव्हता? तिलाही हसू आलं. "ते आपल्यासाठी इतकं ठरलेलं आहे ना, सुचलंच नाही."

लिपीचा प्रश्न उरला. मराठी माणूस मराठीच शोधतो, पण पुष्कळदा रोमन अक्षरांत, कारण कीबोर्ड बदलायचा कंटाळा. #गोधडी आणि #godhadi हे अर्थात दोन कप्पे आहेत, म्हणून मुख्य वस्तूपुरते दोन्ही ठेवायचे. रोमनमध्ये godhadi, godhdi, godadi अशी तीन तरी वळणं सापडतात. तिन्ही शोधून बघितली आणि ज्या पानावर खऱ्या गोधड्या जास्त होत्या ते घेतलं. तिन्ही लावले असते तर पाचातल्या तीन जागा स्पेलिंगातच गेल्या असत्या.

गावाचा टॅग हा थोडा फसवा असतो. #karad उघडलं तर गावच्या चौकात उभं राहिल्यासारखं वाटतं, जिम, लग्नं, पुढाऱ्यांचे वाढदिवस. शिवाय कराड हे आडनावही आहे. गावचा टॅग तेव्हाच ठेवावा जेव्हा गिऱ्हाईक गावातलं असेल किंवा गावामुळे मालाला ओळख असेल. खानावळीला, केक करणारीला तो हवाच. गोधडी कुरिअरने जाते, तिला तो नसला तरी चालतं. बहिणीला तो ठेवायचाच होता, माहेरचं गाव आहे, मी जास्त बोललो नाही.

शेवटी पोस्ट अशी झाली:

```
आजीच्या दोन जुन्या नऊवारी, आत मऊ सुती धोतर आणि
वरून हाताचा धावदोरा. बाळासाठी शिवलेली गोधडी.
माप अडीच बाय साडेतीन फूट. तुमच्या घरच्या साड्या
पाठवल्यात तर त्यातूनही शिवून देते. कऱ्हाडहून कुरिअर.

#गोधडी #godhadi #बाळंतविडा #SareeQuilt #कऱ्हाड
```

पहिले दोन टॅग प्रत्येक पोस्टला कायम. पाचवा तिच्या हौसेचा. तिसरा आणि चौथा त्या त्या गोधडीप्रमाणे बदलतात. मोठ्या माणसाची दुहेरी गोधडी असेल तर बाळंतविडा निघतो. नव्या कापडाची असेल तर साडीचा टॅग निघतो, कारण साडी नसताना #SareeQuilt लावणं म्हणजे परत तेच, बरणीवर भलती चिठ्ठी.

हीच ओळ दुसरीकडे चिकटवताना थोडं भान ठेवा. यूट्यूबवर वर्णनातले जास्तीत जास्त तीन टॅग व्हिडिओच्या नावाजवळ दिसतात. आणि साठाहून जास्त टॅग झाले तर ते सगळेच धरत नाहीत. थ्रेड्सवर एका पोस्टला एकच टॅग लागतो, पण त्यात मोकळी जागा चालते, म्हणजे ‘साडीची गोधडी’ तिथे सुखाने लिहिता येते. एक्सवर एक किंवा दोन. फेसबुकवर पोस्ट फक्त मित्रांसाठी ठेवलेली असेल तर टॅगवरून ती मित्रांपलीकडे कुणाला सापडत नाही. व्हॉट्सॲपच्या मेसेजमधला # हा नुसता #.

फरक पडला का ते कसं ओळखायचं? पोस्ट टाकल्यावर पाचही टॅग दाबून बघायचे, पूर्ण शब्द निळा आहे ना, पान बरोबर उघडतं ना. इनसाइट्समध्ये फॉलो न करणाऱ्यांचा वाटा दिसतो, तो आठ-दहा पोस्टचा मिळून बघायचा, एकेका पोस्टचा बघितला तर नुसती धाकधूक होते. तो वाढला तरी टॅगमुळे वाढला, फोटोमुळे की नव्या मजकुरामुळे, हे त्यातून सुटं करता येत नाही. त्यापेक्षा बहिणीची वही बरी. ऑर्डर लिहिते त्याच पानावर ती आता ‘कुठून कळलं’ असा रकाना आखते. मध्यंतरी एकीने सांगितलं, "बाळंतविडा टाकून शोधत होते." तो शब्द तिने लाल पेनने लिहिलाय.

मेसेज मात्र महिन्याभराने परत आलाच. या वेळी #कऱ्हाड चुकला होता, कारण मुलाच्या फोनवरून पोस्ट टाकली होती आणि त्याच्या कीबोर्डाचा र वेगळा. मग तिच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही फोनमध्ये कीबोर्डाच्या वैयक्तिक शब्दकोशात तीन ओळी साठवून दिल्या. gd1 टाइप केलं की बाळाच्या गोधडीचे पाच टॅग, gd2 ला मोठ्या गोधडीचे, gd3 ला नव्या कापडाचे. ओळी एकाच फोनवर लिहिल्या आणि दुसऱ्यावर नक्कल करून पाठवल्या, त्यामुळे आता कुठल्याही फोनवरून टाकलं तरी ऱ तोच येतो.